121 दिवसांचं व्याज

जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात माझी नोकरी झाली. तिथे एक सवय हाडात मुरते: कागद हातात आला की आधी त्यावर आवक क्रमांक आणि तारीख टाकायची, वाचायचं नंतर. या सवयीवरून घरात माझी बरीच चेष्टा होते. दुधाच्या बिलावरही मी तारीख टाकतो. पण विमा कंपनीशी झालेल्या भांडणात मला उपयोगी पडली ती एवढीच सवय. कायद्याचं ज्ञान वगैरे फार नव्हतं.

2003 साली एका खासगी विमा कंपनीची 20 वर्षांची एन्डोमेंट पॉलिसी घेतली होती. मुदत 18 ऑक्टोबर 2023 ला संपणार होती. विमा रक्कम तीन लाख, त्यावर बोनस मिळून हातात यायचे होते 5,84,600 रुपये. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं: मूळ पॉलिसी बाँड, रक्कम मिळाल्याच्या पावतीदाखल सही केलेला डिस्चार्ज फॉर्म, पॅनची प्रत, ओळखपत्र आणि रद्द केलेला चेक जमा करा, रक्कम मुदतीच्या तारखेला खात्यात जमा होईल. पाच कागद. पत्रात सहावा कागद नव्हता, हे लक्षात ठेवा.

25 सप्टेंबरला, ऐन गणपतीच्या दिवसांत, मी साताऱ्यातल्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या मुलाने कागद घेतले आणि म्हणाला, "काका, फॉर्मवर तारीख टाकू नका, ती आम्ही टाकतो." मी म्हटलं, सही माझी आहे, तर तारीखही माझीच असणार. मग त्याच पाच कागदांची यादी मी दोन प्रतींत लिहून नेली होती, त्यातल्या एकीवर शिक्का आणि सही मागितली. "काका, सिस्टिममध्ये नोंद झाली की मेसेज येतो." येऊ दे की, शिक्का तरीही मार. त्याने जरा नाराजीनेच मारला. निळ्या शाईतला तो गोल शिक्का पुढे सात हजार सातशे रुपयांना पडला. म्हणजे कंपनीला.

18 ऑक्टोबर उलटला. पैसे नाहीत. शाखेत फोन केला तर "प्रोसेसमध्ये आहे, सात दिवसांत होईल." सात दिवसांनी परत तेच. दिवाळी गेली. सौ. म्हणाली, "अहो, जाऊन बसा तिथेच." जाऊन बसलोही. 6 डिसेंबरला शेवटी मेसेज आला की बाँडवर माझं नाव 'दत्तात्रय' आणि पॅनवर 'दत्तात्रेय' आहे, तेव्हा दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र द्या, आणि डिस्चार्ज फॉर्म नव्याने भरून द्या.

इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. वीस वर्षं याच नावाने हप्ते घेतले, तेव्हा कुणाला तो दिसला नव्हता. पण भांडून उपयोग नव्हता. शंभराचा स्टँप पेपर, नोटरी, आणि 12 डिसेंबरला दोन्ही कागद शाखेत. नव्या डिस्चार्ज फॉर्मवर सहीखाली मी बारीक अक्षरात लिहिलं: "मूळ फॉर्म दि. 25/9/2023 रोजी दिलेला आहे, कंपनीच्या मागणीवरून हा दुसऱ्यांदा देत आहे." काउंटरवरचा मुलगा बदलला होता. नव्या मुलाने ते वाचलंसुद्धा नाही.

पैसे आले 16 फेब्रुवारी 2024 ला. पूर्ण 5,84,600, एक रुपया कमी नाही, आणि एक रुपया जास्तही नाही.

बहुतेक लोक इथे सुटकेचा श्वास टाकून मोकळे होतात. मीही झालो असतो. पण सोबतच्या एका निवृत्त बँकवाल्याने चहा पिताना सहज विचारलं, "व्याज किती दिलं?" मी म्हटलं, कसलं व्याज? तेव्हा त्याने सांगितलं ते मी नंतर विमा नियामकाच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतः वाचलं. पॉलिसीधारकांच्या हितरक्षणाच्या 2017 च्या नियमांनुसार, मुदतपूर्तीची रक्कम देय तारखेला द्यायची जबाबदारी कंपनीची आहे आणि त्यासाठीची प्रक्रिया तिनेच आधीपासून सुरू करायची आहे. कंपनीकडून उशीर झाला तर बँक रेट अधिक दोन टक्के दराने व्याज द्यावं लागतं. ग्राहकाने मागितलं तरच द्यायचं, असं त्यात कुठेही नाही. (माझा दावा 2023 चा, म्हणून ते नियम. नंतर 2024 साली नवे नियम आले, तेव्हा आता कुणाला अर्ज करायचा असेल तर त्याने चालू नियम काढून पाहावा.)

दोन शब्दांवर इथे नीट थांबायला हवं, कारण मीही आधी चुकलो होतो.

पहिला 'बँक रेट'. तो म्हणजे आपल्या बँकेतल्या ठेवीचा दर नव्हे, आणि बातम्यांत येतो तो रेपो दरही नव्हे. रिझर्व्ह बँक पतधोरणाच्या पत्रकात रेपो दराच्या खाली एका ओळीत बँक रेट वेगळा देते. 8 फेब्रुवारी 2023 च्या पत्रकात रेपो 6.50 टक्के आणि बँक रेट 6.75 टक्के आहे. आणि नियमात धरायचा तो दावा ज्या आर्थिक वर्षात देय झाला त्या वर्षाच्या सुरुवातीचा दर. माझा दावा ऑक्टोबर 2023 चा, म्हणजे 1 एप्रिल 2023 ला जो होता तो: 6.75. त्यात दोन मिळवून 8.75 टक्के. मधल्या काळात दर वर-खाली झाला तरी हिशोब बदलत नाही. मी पहिल्या कच्च्या हिशोबात रेपो धरून साडेआठ टक्के लावले होते. पाव टक्क्याने चारशे-पाचशे रुपये गेले असते, आणि त्याहून वाईट म्हणजे पत्र कच्चं ठरलं असतं.

दुसरा मुद्दा व्याज कुठल्या दिवसापासून. नियम म्हणतो: देय तारीख किंवा शेवटचा आवश्यक कागद मिळाल्याची तारीख, यांपैकी जी नंतरची असेल ती. सगळं भांडण या एका वाक्यात आहे. दर ठरलेला, रक्कम ठरलेली, भागाकार कुणीही करू शकतो. मीटर कधी सुरू झालं एवढंच वादाचं असतं, आणि कंपनीला ते उशिरा सुरू झालेलं हवं असतं. म्हणूनच त्या मुलाला फॉर्मवरची तारीख कोरी हवी होती. त्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही, त्याला तसं शिकवलेलं असेल.

हा नियम आपल्याही विरुद्ध जाऊ शकतो, तेही सांगतो. आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांची पॉलिसी मुदत संपून तीन महिने झाले तरी बाँड सापडत नव्हता. सापडल्यावर त्यांनी तो दिला, कंपनीने आठवड्यात पैसे दिले. आता माझं ऐकून ते तीन महिन्यांचं व्याज मागायला निघाले होते. मी म्हटलं, नाही मिळणार. कागद तुमच्याकडे अडकला होता.

26 फेब्रुवारीला मी पत्र लिहिलं. शाखेला नाही, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, रजिस्टर पोच पावतीने, आणि प्रत शाखेला हातपोच. मुलगा पुण्यात आयटीत आहे, तो म्हणाला, "बाबा, इंग्रजीत लिहा, नाहीतर वाचणार नाहीत." मी म्हटलं, पॉलिसी विकताना त्यांचा एजंट माझ्याशी मराठीत बोलला होता. पत्र असं होतं:

"विषय: मुदतपूर्ती रक्कम 121 दिवस विलंबाने मिळाल्याबाबत व त्यावरील व्याज मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळवितो की, माझ्या पॉलिसीची मुदत दि. 18/10/2023 रोजी पूर्ण झाली. आपल्या पत्रात मागितलेले पाचही कागद मी दि. 25/9/2023 रोजी, म्हणजे मुदतीच्या 23 दिवस आधी, आपल्या सातारा शाखेत जमा केले आहेत. शाखेच्या शिक्क्यासह पोच सोबत जोडली आहे. रक्कम रु. 5,84,600 माझ्या खात्यात दि. 16/2/2024 रोजी जमा झाली. बँक पासबुकाची प्रत सोबत जोडली आहे. अशा प्रकारे देय तारखेपासून 121 दिवसांचा विलंब झाला आहे.

विमा नियामकाच्या 2017 च्या पॉलिसीधारक हितसंरक्षण नियमांनुसार या विलंबासाठी बँक रेट अधिक 2 टक्के दराने व्याज देय आहे. दि. 1/4/2023 रोजीचा बँक रेट 6.75 टक्के होता. रिझर्व्ह बँकेच्या पत्रकाची प्रत सोबत आहे. त्यानुसार दर 8.75 टक्के होतो.

हिशोब: 5,84,600 × 8.75 ÷ 100 ÷ 365 × 121 = रु. 16,957.

सदर रक्कम माझ्या त्याच खात्यात जमा करावी, ही विनंती. काही कारणास्तव रक्कम अमान्य अथवा कमी करावयाची असल्यास कोणत्या तारखेपासून व कोणत्या दराने हिशोब केला, ते कारणांसह लेखी कळवावे."

एवढंच. मनस्ताप, मुलीच्या लग्नाचा खर्च, वीस वर्षांची निष्ठा, यातलं काहीही त्यात घातलं नाही. पहिल्या मसुद्यात होतं. "आपल्या नामांकित कंपनीकडून ही अपेक्षा नव्हती" असं एक वाक्य मला फार आवडलं होतं. पण लेखा विभागात पस्तीस वर्षं अर्ज वाचल्यावर एक कळतं: समोरचा माणूस ज्या वाक्याला उत्तर देणं सोपं त्यालाच उत्तर देतो. मनस्तापाबद्दल 'दिलगीर आहोत' लिहून फाईल बंद करता येते. पत्रात फक्त तारखा असतील तर उत्तरही तारखांचंच द्यावं लागतं. शेवटचं वाक्य मात्र मी मुद्दाम घातलं होतं. नकार द्यायचा असेल तर त्यांनी आपली तारीख कागदावर आणावी, म्हणून.

आणि त्यांनी ती आणली. 14 मार्चला उत्तर आलं, अर्थात इंग्रजीत. सारांश असा: आपला शेवटचा आवश्यक कागद 12 डिसेंबर 2023 ला मिळाला, म्हणून व्याज त्या तारखेपासून 66 दिवसांचं, 9,249 रुपये मंजूर. सोबत एक संमतीपत्र, त्यात ही रक्कम 'पूर्ण व अंतिम' म्हणून स्वीकारत असल्याचं वाक्य.

म्हणजे दर मान्य, रक्कम मान्य, उशीरही मान्य. वाद उरला 55 दिवसांचा. एका दिवसाचे 140 रुपये 14 पैसे धरले तर 7,708 रुपये.

संमतीपत्रावर मी सही केली नाही. उलट ईमेल करून कळवलं की 9,249 रुपये अंशतः स्वीकारतो, उरलेल्या मागणीचा हक्क राखून ठेवतो. वाटलं, आता तेही अडकवतील. पण 18 मार्चला पैसे जमा झाले, मात्र 8,324 च. क्षणभर डोकं फिरलं. मग लक्षात आलं, व्याजावर दहा टक्के टीडीएस कापला होता. मुदतपूर्तीची मूळ रक्कम माझ्या बाबतीत करमुक्त होती, पण उशिराचं व्याज हे उत्पन्नच, ते विवरणपत्रात दाखवावं लागतं. टीडीएस नंतर फॉर्म 26 एएसमध्ये दिसला. हे ठाऊक नसेल तर माणूस उगाच नवं भांडण काढतो.

22 मार्चचं दुसरं पत्र लिहायला मला पहिल्यापेक्षा जास्त दिवस लागले. कारण इथे कंपनीचीही बाजू अगदीच पोकळ नव्हती. नावात फरक होता हे खरं. एवढी रक्कम चुकीच्या माणसाला जाऊ नये म्हणून त्यांनी खात्री करणं गैर नाही. मग माझं म्हणणं नेमकं काय? प्रतिज्ञापत्र अनावश्यक होतं, असं म्हणालो असतो तर हरलो असतो. म्हणून तो मुद्दा सोडला आणि उशीर कुणाचा, एवढंच धरलं.

लिहिलं असं की, नावातला फरक ज्यावरून दिसतो ते दोन्ही कागद, बाँड आणि पॅन, 25 सप्टेंबरला आपल्या ताब्यात होते. तेव्हापासून 6 डिसेंबरपर्यंत 72 दिवस आपण काहीही मागितलं नाही. मागितल्यावर मी सहा दिवसांत दिलं. आपण सप्टेंबरमध्ये मागितलं असतं तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच तो कागद आपल्याकडे असता, म्हणजे देय तारखेच्या आधीच. जो कागद आपण मागितलाच नव्हता, तो न दिल्याचा दिवस माझ्या खात्यावर कसा टाकता येईल? मृत्यू दाव्यांच्या बाबतीत तर त्याच नियमांत म्हटलं आहे की जादा कागद शक्यतो एकदमच आणि 15 दिवसांत मागावेत, तुकड्या-तुकड्याने नव्हे. ती तरतूद मुदतपूर्तीला थेट लागू नाही, हे मीच पत्रात लिहून टाकलं. पण मृत्यू कधी येईल ते कंपनीला माहीत नसतं, तरी तिला 15 दिवस. मुदत कधी संपणार हे तर बाँडवर वीस वर्षांपासून छापलेलं होतं. आणि डिस्चार्ज फॉर्मबद्दल म्हणाल तर, दुसऱ्या फॉर्मवरची माझी टीप आपल्याच फाईलमध्ये पाहावी.

नियमाचं आपल्याला गैरसोयीचं टोक आपणच सांगितलेलं बरं, असं माझं मत आहे. समोरच्याने ते शोधून काढलं की बाकीचं पत्रही खोटं वाटायला लागतं.

महिनाभर उत्तर नाही. एकदा फोन आला, एका ताईंचा, "सर, तुमचं व्याज तर दिलंय ना?" मी म्हटलं, लेखी पाठवा. लेखी काही आलं नाही.

नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार टाकता येते, पण तिथे तक्रार शेवटी कंपनीकडेच उत्तरासाठी जाते. मला आता निर्णय देणारा कुणी हवा होता. विमा लोकपालाकडे जायला फी नाही, वकील लागत नाही. अट एवढीच की आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी, आणि तिने ती फेटाळली, महिनाभर उत्तर दिलं नाही किंवा दिलेल्या उत्तराने समाधान झालं नाही, यांपैकी काहीतरी घडलेलं असावं. त्यानंतर वर्षाच्या आत जावं लागतं. खरं तर मार्चच्या त्या अर्ध्या उत्तरावरच मला जाता आलं असतं. महिना थांबलो तो माझ्याच भिडस्त स्वभावाने.

साताऱ्याची तक्रार पुण्याच्या लोकपाल कार्यालयात जाते. 25 एप्रिलला तिकडे पाठवली: तक्रारीचा अर्ज, दोन्ही पत्रं, त्यांचं उत्तर, शिक्क्याची पोच, 6 डिसेंबरच्या मेसेजचा फोटो, पासबुक. वर एका पानावर तारखांचा तक्ता, डावीकडे काय घडलं, उजवीकडे कुठल्या क्रमांकाचा कागद पुरावा म्हणून आहे. मागणी एकच: 55 दिवसांचं व्याज, 7,708 रुपये. व्याजावरचं व्याज, स्टँप पेपरचे शंभर, नोटरीचे पैसे, काही नाही. सौ. म्हणाली, एवढं केलंच आहे तर मागा की तेही. तिचं कदाचित बरोबर होतं.

सुनावणीची तारीख लागण्याआधीच मेच्या अखेरीस कंपनीच्या मुंबई कार्यालयातून एका साहेबांचा फोन आला. स्वच्छ मराठीत बोलले. "पोतदारसाहेब"... नाही, माझं आडनाव पोतदार नव्हे, तो भलत्याच फाईलवरचा होता. मी दुरुस्त केल्यावर हसले. म्हणाले, "आम्ही रक्कम देतो, तुम्ही तक्रार मागे घ्या." मी म्हटलं, घेतो, पण आधी जमा करा. "आधी मागे घेतल्याचं पत्र लागेल, सिस्टिम तशी आहे." मी म्हटलं, मग सुनावणीच होऊ द्या, पुण्याला मुलाकडे यायचंच आहे.

7 जूनला 6,937 रुपये जमा झाले. 7,708 वजा टीडीएस 771. बरोबर होतं. कागदावर मात्र त्यांनी 'ग्राहक संबंध जपण्यासाठी विशेष बाब म्हणून' असं लिहिलं. व्याज देय होतं, असं कुठेच कबूल केलं नाही. हे मला खटकलं. त्या एका शब्दासाठी सुनावणीला जावं का, याचा दोन दिवस विचार केला. मग 10 जूनला लोकपालांना पत्र टाकलं की रक्कम मिळाली, तक्रार चालवायची नाही.

फाईल अजून कपाटात आहे. एकूण 41 पानं, क्रमांक टाकलेली. सौ.चीही त्याच कंपनीची एक पॉलिसी 2027 ला पुरी होते. तिच्या आणि माझ्या पॅन व आधारवरची नावं परवाच बाँडशी ताडून पाहिली. तिच्या बाँडवर मराठीत 'सुनिता' आहे, आधारवर 'सुनीता'. इंग्रजीत मात्र दोन्हीकडे स्पेलिंग एकच, तेव्हा तूर्त काळजी नाही. तरी कंपनीला पत्र लिहून आताच विचारून ठेवलं आहे की याबाबत काही कागद लागणार असेल तर कळवावे. पोच आली आहे, उत्तर यायचं आहे.